आकृतीला नावं देताना आधी मृदुतालू बघ

उच्चाराच्या वेळी तोंड आणि घसा आतून कसे असतात ते दाखवणारी, डोक्याच्या उभ्या छेदाची ही आकृती. तिच्यात मृदुतालू म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग. पडजीभ हे त्याचं फक्त लोंबतं टोक, त्यामुळे मृदुतालूच्या नावाचा बाण तिथे नेऊ नकोस. ओठ मिटलेले आणि मृदुतालू खाली, म्हणजे नाकाची वाट मोकळी असेल, तर ती ‘म’ची आकृती. तोच घशाच्या मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ‘प’ किंवा ‘ब’. ‘ब’साठी स्वरयंत्रातला कंप दाखवायला तिथे नागमोडी रेघ काढतात. स्वरयंत्र पुढच्या नळीच्या, श्वासनलिकेच्या माथ्यावर. मागची नळी अन्नाची.

जिभेचे भाग ती स्वस्थ असताना समोर काय येतं त्यावरून ठरतात. टोकामागे, दंतमुळासमोर म्हणजे वरच्या दातांमागच्या उंचवट्यासमोर पातं, कठोर तालूखाली पुढचा भाग, मृदुतालूखाली मागचा, घशासमोर मूळ. ‘पुढचा भाग’ टोकाला लिहिण्याची चूक मीही बरेच दिवस करत होते.