कोपऱ्यातला चेहरा आणि झाकलेला रकाना

प्रश्न: काजू प्रक्रियेवर ऑनलाइन वर्ग घेते. स्लाइडच्या कोपऱ्यावर माझाच चेहरा येतो आणि मोबाइलवाल्यांना अक्षरं वाचता येत नाहीत. टेम्प्लेट कसं करू?

ताई, माझं दुखणं हेच होतं. रत्नागिरीच्या बागायतदारांसाठी तुडतुड्यांच्या फवारणीवर वेबिनार घेतला होता. आयोजक कार्यालयाच्या टेम्प्लेटात डावीकडे दोन बोधचिन्हं आणि खाली जाड पट्टी, त्यामुळे तक्ता वर उजवीकडे ढकलावा लागला. शेवटचा रकाना ‘१० लिटर पाण्याला किती मिली’. रेकॉर्डिंगमध्ये माझी चौकट नेमकी त्याच्यावर! थेट बघणाऱ्याला ती बहुधा सरकवता तरी येते, रेकॉर्डिंगमध्ये ती चिकटलेलीच. मोहोर संपेपर्यंत फोन येत होते, “सर, मिली किती?” कार्यालयाचं उत्तर, “टेम्प्लेट वरून ठरलंय.” कुठल्या वरून, ते आजवर कळलं नाही.

माझ्या झूम रेकॉर्डिंगमध्ये चौकट वर उजवीकडे येते. तुमची कुठे येते ते मिनिटभर रेकॉर्ड करून बघा. मग पॉवरपॉइंटमध्ये `Slide Master` उघडून त्या कोपऱ्यात रुंदीचा आणि उंचीचा पाव भाग मोकळा ठेवा. १६:९ च्या नेहमीच्या स्लाइडवर तो साधारण ८.५ × ४.८ सेंमी होतो. नुसता राखाडी चौकोन काढून भागत नाही, मजकूर खुशाल त्याच्यावरून जातो. शीर्षकाची आणि मजकुराची चौकटच तिथे पोचणार नाही इतकी आखूड करा, आणि प्रत्येक लेआउट उघडून तपासा, कारण काही लेआउट मास्टरचं ऐकत नाहीत. जुन्या स्लाइडवर `Reset` दाबा. हाताने टाकलेल्या टेक्स्ट बॉक्सना त्याने काही होत नाही, ते स्वतः हलवायचे.

अक्षराचा हिशोब असा. स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद, आडवा धरलेला मोबाइल जेमतेम १४. म्हणजे १८ पॉइंटचं अक्षर साडेसातचं होतं, २८ चं साडेअकराचं. मोबाइल उभा धरला तर त्याच्याही निम्मं. म्हणून २८ च्या खाली मी जात नाही. `Do not Autofit` निवडून ठेवा, नाहीतर ओळ वाढली की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षर बारीक करतं. मराठीत आधी रफार आणि जोडाक्षरं फुटतात, तेव्हा बारीक रेघांचा फाँट नको आणि दोन ओळींत अंतर जास्त ठेवा. फोटोवर पांढरी अक्षरं तर नकोच (हे माझं मत, डिझायनर मंडळी भांडतील).

आणि झूममध्ये स्क्रीन शेअर करताना `Optimize for video clip` वर खूण नाही ना, ते बघा. व्हिडिओ दाखवून झाल्यावर ती तशीच राहिली तर अक्षरं धूसर होतात आणि आपण फाँट बदलत बसतो.

चाचणी घरच्या वायफायवर घेऊ नका. मी शेजाऱ्यांना मोबाइल डेटावर जोडायला लावतो आणि तक्त्यातला शेवटचा आकडा मोठ्याने वाचायला सांगतो. ते अडखळले की तक्ता दोन स्लाइडवर.