वर्डमधील तक्ता, मर्ज केलेल्या चौकटी आणि स्क्रीन रीडर

प्रश्न: मी वर्डमध्ये प्रशिक्षणाचे वेळापत्रक केले आहे. वर मोठे शीर्षक, त्याखाली सकाळ आणि दुपार, आणि त्या प्रत्येकाखाली वेळ व खोली; डावीकडे दिवस. दिसायला अगदी सुटसुटीत आहे, पण आमचे एक अंध सहकारी म्हणतात की त्यांना त्यातून काहीच कळत नाही. मी नेमके काय बदलू?

उत्तर: मी स्वतः रोज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते, त्यामुळे असा तक्ता आमच्या कानावर कसा पडतो, ते आधी सांगते. त्यातूनच काय बदलायचे, ते उलगडेल.

तक्त्यात शिरल्यावर मी Ctrl आणि Alt दाबून धरते आणि बाणांच्या कळांनी एकेका चौकटीवर जाते. शीर्षओळ नीट नेमलेली असेल, तर उजवीकडे सरकताना आधी नव्या स्तंभाचे नाव ऐकू येते आणि मग चौकटीतला मजकूर. "खोली, 5" असे ऐकले की पुरते. हे नाव कुठून येते, याला सारे महत्त्व आहे. डोळ्यांनी वाचणारा माणूस चौकटीवरून नजर वर नेतो आणि "दुपार" हा शब्द दोन स्तंभांवर पसरलेला पाहून दोन्ही स्तंभ दुपारचे आहेत, हे ओळखतो. स्क्रीन रीडरला हा पसारा दिसत नाही; त्याला कितवी ओळ, कितवी चौकट आणि कोणत्या ओळीला शीर्षओळ म्हटले आहे, एवढेच कळते.

आता आपल्या तक्त्यातल्या चौकटी मोजून पाहा. पहिल्या ओळीत संपूर्ण रुंदीची एकच चौकट आहे, ती शीर्षकाची. दुसऱ्या ओळीत तीन आहेत: दिवस, सकाळ, दुपार. तिसऱ्या ओळीत पाच आहेत: दिवसाची (बहुधा वरच्या चौकटीशी मर्ज केलेली), मग वेळ, खोली, वेळ, खोली. वर्डच्या मोजणीत दुसऱ्या ओळीतील तिसरी चौकट "दुपार" आहे, पण खालच्या ओळींतील तिसरी चौकट सकाळच्या खोलीची आहे. या मोजणीवर विसंबून नाव जोडले गेले, तर सकाळच्या खोलीआधी "दुपार" ऐकू येऊ शकते. नाव मुळीच ऐकू आले नाही, तर निदान शंका येते आणि माणूस विचारतो. चुकीचे नाव ऐकू आले, तर तो निःशंकपणे चुकीच्या वेळी चुकीच्या खोलीत जाऊन बसतो. म्हणून मला दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर वाटते. जिथे नाव जोडलेच जात नाही, तिथे मंगळवारची ओळ "मंगळवार, 10 ते 12, 3, 2 ते 4, 5" अशी कानावर पडते, आणि यातला 3 कशाचा व 5 कशाचा, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवून जुळवायचे.

शीर्षकाच्या ओळीचा त्रास आणखी वेगळा आहे. ती तक्त्याची पहिली ओळ असल्यामुळे आपण शीर्षओळ नेमायला गेलात की बहुतेक तीच नेमली जाते, आणि मग प्रत्येक स्तंभाचे नाव "प्रशिक्षणाचे वेळापत्रक" असे होऊन बसते. ते शीर्षक तक्त्याबाहेर, वरच्या परिच्छेदात ठेवा आणि ती ओळ काढून टाका.

यानंतरचा बदल खरा महत्त्वाचा आहे: दोन मजली शीर्षकाचा वरचा मजला स्वतंत्र स्तंभ करून टाकायचा. "सकाळ" आणि "दुपार" ही शीर्षके न राहता "सत्र" नावाच्या स्तंभातील मजकूर होतील. स्तंभ चारच उरतील: दिवस, सत्र, वेळ, खोली. तीन दिवसांचे प्रशिक्षण असेल, तर शीर्षओळ धरून सात ओळी होतील, आणि प्रत्येक ओळीत बरोबर चार चौकटी असतील. मंगळवार दुपारची ओळ आता "मंगळवार, दुपार, 2 ते 4, 5" अशी असेल, आणि तिच्यातल्या कोणत्याही चौकटीवर थांबले तरी तिथला मजकूर कशाचा आहे, हे कळेल.

इथे एक मोह होतो. प्रत्येक दिवस दोन ओळींत येत असल्याने "मंगळवार" एकदाच लिहून खालची चौकट तिच्याशी मर्ज करावी, किंवा मर्ज न करता ती रिकामी ठेवावी, असे वाटते. कृपया दोन्ही करू नका. डोळ्यांना रिकामी चौकट "वरचाच दिवस" असे सांगते, पण कानाला ती फक्त रिकामी असते, आणि तिथे माहिती राहून गेली आहे की मुद्दाम ठेवलेली नाही, हे कळायला मार्ग नसतो. दिवसाचे नाव दोन्ही ओळींत लिहा. पुनरुक्ती डोळ्यांना खटकत असेल, तर एकाच दिवसाच्या दोन ओळींमधली रेघ काढून टाका. त्याने मांडणी दिसायला एकसंध राहते आणि चौकटींची रचना बदलत नाही. जुनी मर्ज केलेली चौकट Split Cells ने सोडवलीत, तर मजकूर एकाच भागात राहतो आणि बाकीचे भाग रिकामे होतात, तेव्हा ते हाताने भरावे लागतात. मी तर अशा वेळी नवा तक्ता घेऊन मजकूर त्यात उतरवते; वेळही कमी लागतो.

शीर्षओळ नेमण्यासाठी पहिल्या ओळीत कर्सर ठेवून तक्त्याच्या Layout टॅबमधील Repeat Header Rows निवडा, आणि Table Design टॅबमधील Header Row ही खूणही चालू ठेवा. अक्षरे ठळक केली किंवा ओळीला रंग दिला म्हणून ती शीर्षओळ होत नाही. तो केवळ डोळ्यांपुरता बदल आहे.

हेच वेळापत्रक संकेतस्थळावर द्यायचे असेल, तर तिथे स्तंभाबरोबर ओळीचेही नाव सांगता येते:

```html
<tr><th scope="col">दिवस</th><th scope="col">सत्र</th>
    <th scope="col">वेळ</th><th scope="col">खोली</th></tr>
<tr><th scope="row">मंगळवार</th><td>दुपार</td>
    <td>2 ते 4</td><td>5</td></tr>
```

अशा तक्त्यात "खोली" स्तंभातून खाली उतरताना प्रत्येक वेळी दिवस बदलला की त्याचे नावही ऐकू येते. वर्डमध्ये ओळीच्या नावाची सोय इतकी भरवशाची नाही, म्हणून तिथे दिवस पहिल्याच स्तंभात ठेवावा, म्हणजे वाचणाऱ्याला डावीकडे जाऊन तो लगेच सापडतो.

फाइल पाठवण्याआधी Review टॅबमधील Check Accessibility चालवून पाहा. मर्ज केलेली किंवा विभागलेली चौकट राहिली असेल, तर बहुधा ते दाखवून देईल. मात्र रिकाम्या चौकटीत "वरचाच दिवस" अभिप्रेत होता, किंवा शीर्षओळीत भलताच शब्द पडला आहे, हे त्याला उमगत नाही. त्यासाठी पहिल्या चौकटीत कर्सर ठेवून Tab दाबत शेवटपर्यंत जा आणि प्रत्येक थांब्यावर तेवढ्याच चौकटीतला मजकूर त्याच्या स्तंभाच्या नावासह मोठ्याने म्हणा. शेवटच्या चौकटीत Tab दाबल्यास नवी ओळ तयार होते. ती Ctrl+Z ने काढून टाका. कुठेही अर्थासाठी नजर वरच्या किंवा शेजारच्या चौकटीकडे वळवावी लागली, तर त्याच जागी आपले सहकारी अडत असणार.