गॅस्ट्रायटिसनंतर मेसमध्ये मऊ, कमी तिखट जेवण मिळावं म्हणून वॉर्डन सरांना मेसेज कसा लिहू?

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. गॅस्ट्रायटिसमुळे आठवडाभर घरी होतो. डॉक्टरांनी अजून दोन आठवडे मऊ आणि बिनतिखट खायला सांगितलंय. मेसमध्ये सगळ्यांसाठी एकच जेवण असतं. सरांना काय आणि कसं लिहू म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत?

---

मी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे, त्यामुळे असे मेसेज ज्यांना येतात त्या बाजूने सांगते.

सर सहसा नाही म्हणत नाहीत. ते "बरं, सांगतो" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ताटात तोच लाल रस्सा येतो. याचं कारण मेसेजमध्येच असतं. "कमी तिखट जेवण मिळेल का" हे वाचून स्वयंपाकघरात नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. आमच्याकडे एका मुलीने असंच लिहिलं होतं. आचाऱ्याने तिच्या वाटीतल्या उसळीत डावभर गरम पाणी ओतलं आणि "घे, कमी तिखट" म्हणाला. चव पातळ झाली, मिरची मात्र सगळी पोटातच गेली.

म्हणून मागताना मेसचा स्वयंपाक कसा होतो ते डोळ्यापुढे आणायचं. काही पदार्थांत तिखट शेवटी पडतं, काहींत सुरुवातीलाच. वरणाची डाळ आधी नुसती हळद घालून शिजते, फोडणी वरून बसते. त्यामुळे फोडणीआधी दोन वाट्या बाजूला काढणं हे आचाऱ्याला अर्ध्या मिनिटाचं काम आहे. भाताला तिखट लागतच नाही. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी बटाटे आधी उकडलेले असतात, त्यातले दोन तुझ्यासाठी ठेवता येतात. पोहे, उपीट, उसळ यांचं उलट आहे. तिथे मिरची पहिल्यांदा तेलात पडते आणि तिखटपणा तेलात उतरतो. पोह्यांतून मिरचीचे तुकडे वेचून काढले तरी उरलेले पोहे तिखटच असतात. असे पदार्थ "माझ्यासाठी वेगळे करा" म्हणालास तर वेगळी कढई, वेगळा गॅस, वेगळा माणूस लागतो, आणि मेसवाला कॉन्ट्रॅक्टरचा असेल तर लगेच पैशांची गोष्ट निघते. तू वेगळं शिजवायला सांगू नकोस, जे शिजतंच आहे त्यातलं आधी काढून ठेवायला सांग.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. "काही दिवस" असं लिहिलंस की वॉर्डनला ही कायमची भानगड वाटते. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख लिही आणि चिठ्ठीचा फोटो जोड. आजाराची सगळी हकीकत लिहायची गरज नाही, एंडोस्कोपी झाली की नाही यात सरांना रस नसतो. चिठ्ठीवर आहाराबद्दल काही नसेल तर दवाखान्यात जाऊन "मऊ, बिनतिखट आहार, अमुक तारखेपर्यंत" एवढी ओळ लिहून आण. तोंडी निरोपापेक्षा ती ओळ मेसवाल्यापुढे जास्त चालते.

मी असा लिहिला असता:

"नमस्कार सर. मी (नाव), द्वितीय वर्ष, खोली क्र. 214. मला गॅस्ट्रायटिस झाला होता. डॉक्टरांनी 25 तारखेपर्यंत तिखट, तेलकट आणि आंबट टाळून मऊ जेवण घ्यायला सांगितलं आहे. चिठ्ठीचा फोटो सोबत आहे. तोपर्यंत मेसमधून एवढं मिळू शकेल का? 1) दुपारी आणि रात्री फोडणी घालण्याआधी काढलेलं साधं वरण, दोन वाट्या, आणि भात. 2) बटाट्याच्या भाजीच्या दिवशी उकडलेले दोन बटाटे, नुसतं मीठ घालून. 3) सकाळी पोहे, उपीट किंवा मिसळ असेल तेव्हा त्याऐवजी दोन साध्या पोळ्या आणि एक केळं. वेगळं काही शिजवावं लागणार नाही. माझा डबा मी सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात ठेवीन. आपली परवानगी असेल तर मेसच्या काकांशी मी स्वतः बोलतो. आपला निरोप त्यांच्यापर्यंत गेला तर बरं होईल."

वेळा तुमच्या मेसप्रमाणे बदल, फोडणी पडायच्या आधीच्या हव्यात एवढंच. डब्याचं वाक्य मुद्दाम घातलंय. दोनशे ताटांच्या गडबडीत आचाऱ्याला तुझं नाव आठवणार नाही, पण ओट्यावर नाव लिहिलेला स्टीलचा डबा उघडा दिसला की हात आपोआप थांबतो. शेवटची दोन वाक्यंही तितकीच गरजेची. वॉर्डन आणि आचारी यांच्यामध्येच असे निरोप हरवतात. सरांचं "ओके" आलं की त्याच दिवशी काकांना जाऊन भेट, तेही जेवणाच्या रांगेत नाही, सकाळी डाळ शिजत असताना. मोबाइलवरचा सरांचा मेसेज दाखव आणि "काका, फोडणीच्या आधी माझं काढा" एवढंच सांग.

डबा उघडल्यावर आधी बघ. वरणावर तेलाचा तवंग किंवा मोहरी दिसली तर ते फोडणीनंतरचं आहे. तेव्हा वाद न घालता भात आणि केळ्यावर भागव आणि संध्याकाळी पुन्हा सांग. पहिल्या दोन-तीन दिवसांत असं एखाद्या वेळी होतंच. मेसचा भात मोकळा आणि जरा कडक असतो, त्यावर गरम वरण घालून पाच मिनिटं झाकून ठेव, मग हाताने चांगला कुस्कर. खिमटासारखा मऊ होतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र मागू नकोस: खोलीत इंडक्शन किंवा किटली ठेवायची परवानगी. बहुतेक हॉस्टेलांत त्यावर बंदी असते, आणि त्या एका मागणीपायी बाकीचा अर्जही बाजूला पडतो.

गोळीचंही बघून घे. पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी असेल तर ती सहसा नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मेस आठला उघडत असेल तर साडेसातला गोळी, आणि मधल्या वेळात रिकाम्या पोटी टपरीवरचा चहा नको. डोकं दुखलं म्हणून मित्राकडची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नकोस, या वेदनाशामक गोळ्यांनीच जठराचं अस्तर सुजतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर मेसेज टाइप करत बसू नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी सरांना फोन कर आणि दवाखाना गाठ.

25 तारखेला डॉक्टरांनी हो म्हटलं की सरांना आणि काकांना "आजपासून नेहमीचं जेवण चालेल" असं कळव, नाहीतर काका महिनाभर वरण काढून ठेवत बसतील. आणि त्या दिवशी लगेच मिसळीवर जाऊ नकोस. आधी दोन दिवस फोडणीचं वरण, मग पोहे, ते पचले की उसळ.