वाचण्यासाठी लिहिलेले उत्तर फोनवर ऐकवताना

प्रश्न: आमच्या शेतकरी सल्ला सेवेची लेखी उत्तरे आता फोनवर यंत्राच्या आवाजात ऐकवायची आहेत. ठिपके, चिन्हे, लिंक सगळेच वाचले जाते किंवा गाळले जाते, आणि ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. उत्तरे कशी बदलावीत?

उत्तर: मी काही वर्षे फोनवरच्या मराठी माहिती सेवांसाठी मजकूर तयार करतो आहे. पहिल्या सेवेत आम्ही सगळ्यांना सुचतो तोच उपाय केला. एक छोटा प्रोग्रॅम लिहून तारका, कंस आणि लिंक काढून टाकल्या व उरलेला मजकूर आवाजाच्या इंजिनाला दिला. चिन्हे ऐकू येईनाशी झाली, पण उत्तर आणखीच दुर्बोध झाले. चिन्ह काढले की ते जे काम करत होते तेही जाते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. यादीतला ठिपका वाचकाला एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाल्याचे सांगतो, शिवाय एका नजरेत एकूण मुद्दे किती तेही दाखवतो. कानाला या दोन्ही गोष्टी शब्दांतच सांगाव्या लागतात.

तुमच्याकडे बहुधा असेलच असे एक उत्तर घेऊ.

```
**माती नमुना कसा घ्यावा?**
* 8-10 ठिकाणे निवडा (नागमोडी)
* खड्डा: व्ही आकार, खोली 15-20 सेमी
* 1/2 किलो माती, कापडी पिशवी
* माहिती: https://soilhealth.dac.gov.in
* फोन: 1800-180-1551
```

ठिपके काढले की ओळीच्या शेवटी पूर्णविराम नसल्यामुळे अनेक इंजिने तिथे थांबत नाहीत, आणि ‘कापडी पिशवी माहिती फोन’ अशी एक सलग माळ ऐकू येते. ‘8-10’ मधली रेघ काही वेळा ‘वजा’ म्हणून वाचली जाते. ‘1/2’ ची कधी तारीख होते, तर कधी ‘एक भागिले दोन’. ‘सेमी’ हा संक्षेप जसाच्या तसा उच्चारला जातो आणि ऐकणाऱ्याला तो ओळखू येत नाही.

हेच उत्तर मी असे लिहीन: ‘माती तपासायला द्यायची असेल तर तीन कामे करायची. आधी शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा ठरवा. मग प्रत्येक जागी व्ही अक्षरासारखा खड्डा करा. तो पंधरा ते वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर किंवा थोडा कमी, खोल असावा. या सगळ्या जागांची माती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा.’

‘तीन कामे’ हे शब्द सुरुवातीलाच आले की ऐकणारा मनात तीन घरे करतो आणि ‘आधी’, ‘मग’ ऐकत ती भरत जातो. मुद्दे तीन-चारांहून जास्त असतील तर मी तिथे थांबतो व ‘पुढचे ऐकायचे असल्यास एक दाबा’ असे विचारतो, कारण सातवा मुद्दा ऐकू येईपर्यंत पहिला विसरलेला असतो आणि कानाला मागे वळून पाहता येत नाही. कंसातला मजकूर वाक्यात घ्यावा. तो वाक्यात बसत नसेल तर बहुतेक वेळा तो ऐकवण्याची गरजच नसते.

आकड्यांवर मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा. मराठीत आपण ‘एक पूर्णांक पाच दशांश’ बोलत नाही, दीड म्हणतो. अडीच, सव्वातीन, पावणेदोन हे शब्द ऐकणाऱ्याच्या तोंडी रोजचे आहेत, पण यंत्र ते आपणहून वापरेल याची खात्री नसते. म्हणून असे आकडे मी अक्षरांतच लिहितो. खतांच्या नावांत वेगळीच अडचण येते. `10:26:26` हा आकडा वेळेसारखा दिसतो, त्यामुळे ‘दहा वाजून सव्वीस मिनिटे’ असे ऐकू येण्याची शक्यता असते. शेतकरी मात्र ‘दहा सव्वीस सव्वीस’ म्हणतो, आणि तसेच ऐकू आले पाहिजे. एसएसएमएल ही आवाजासाठीची खुणांची पद्धत तुमचे इंजिन समजत असेल तर असे लिहिता येते:

```
<sub alias="दहा सव्वीस सव्वीस">10:26:26</sub>
एक आठ शून्य शून्य <break time="400ms"/>
एक आठ शून्य <break time="400ms"/>
एक पाच पाच एक
```

या पद्धतीत `say-as` नावाची आणखी एक खूण आहे. आकडा वेळ म्हणून वाचायचा की सुटे अंक म्हणून, हे तिने सांगता येते. पण तिच्यात कोणती मूल्ये चालतील हे मूळ प्रमाणाने ठरवून दिलेले नाही, प्रत्येक इंजिन आपापले ठरवते. त्यामुळे मी तिच्यावर विसंबत नाही आणि शब्दच लिहितो. मजकुरात `<` किंवा `&` तसेच राहिले तर एसएसएमएलची रचना मोडते, आणि फोनवर त्या उत्तराच्या जागी शांतता किंवा चुकीची सूचना येऊ शकते. जमिनीच्या सामूबद्दल ‘< 6.5’ असे काही लिहिलेले असेल तर ते ‘साडेसहापेक्षा कमी’ असे करून घ्या.

लिंक कधीही वाचून दाखवू नये. ‘एचटीटीपीएस कोलन’ ऐकून कोणी काही टिपून घेत नाही. पोर्टलचे बोलीतले नाव सांगावे, आणि ‘पत्ता मेसेजने हवा असल्यास एक दाबा’ असे विचारावे. मेसेज पाठवण्याचे काम यशस्वी झाल्याचे कळल्यावरच ‘पाठवला आहे’ म्हणावे. लँडलाइनवरून आलेल्या माणसाला हा पर्याय देऊच नये. फोन नंबर मात्र ऐकवावा लागतो. त्याआधी ‘नंबर लिहून घ्या’ म्हणून दोन-तीन सेकंद थांबावे, मग वरच्यासारखा तुकड्यांत, सुट्या अंकांनी, दोनदा सांगावा. जोडअंक टाळावेत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत ऐकताना गफलत होते, हे आमच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले. ‘खालील तक्ता’, ‘इथे क्लिक करा’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ अशा शब्दप्रयोगांचीही शोधून झाडाझडती घ्या.

उत्तरे आधीपासून लिहिलेली नसून भाषा मॉडेलकडून तयार होत असतील, तर उत्तर फोनवर ऐकवले जाणार आहे हे त्याला सुरुवातीलाच सांगावे. शेवटी चिन्हे गाळून यादीची वाक्ये होत नाहीत. तरीही गाळणी ठेवावीच, कारण एखादी तारका निसटतेच.

तपासणी हेडफोन लावून करू नका. साध्या फोनच्या वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा वरचा भाग त्यात कापला जातो, त्यामुळे संगणकावर स्पष्ट वाटलेला शब्द शेतात उभ्या माणसाला कळत नाही. मजकूर न पाहिलेल्या माणसाला खरा फोन लावून उत्तर एकदाच ऐकवा आणि फोन ठेवल्यावर विचारा, आता तुम्ही काय कराल? आमच्या एका चाचणीत एका काकांनी सगळी कामे नीट सांगितली, पण खड्डा ‘पंधरा ते वीस फूट’ म्हणाले. ‘वीतभर’ हा शब्द त्या दिवसापासून उत्तरात आला.