साक्षगंध झालंय, पण तिच्या मनात दोघं आहेत

टोरांटोहून एका भावाचं पत्र आलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलीशी दिवाळीनंतर साक्षगंध झालं, लग्न मे महिन्यात. रोजच्या फोनमधून जीव जडला. परवा तीच रडत म्हणाली, "तुम्ही आवडता, पण कृषी केंद्रवालाही मनातून जात नाही." तिच्या बाबांना लकवा मारला तेव्हापासून त्यांच्या वावराचं तोच पाहतो. त्यानं कधी काही मागितलं नाही. जात वेगळी, म्हणून घरात विषयही निघाला नाही. भाऊ विचारतात, मी बाजूला होऊ का?

भाऊ, एवढ्यात नको. तुम्ही सरकलात म्हणून ती त्याची होईल, असं होत नसतं. जातीची अडचण तशीच राहते, गावात "साक्षगंध मोडलेली" असं नाव पडतं आणि घाबरलेले घरचे पहिल्या मिळेल त्या स्थळाला हो म्हणतात. आमच्या गावात मी हे पाहिलं आहे. त्या मुलीला दोघांपैकी कुणीच मिळालं नाही.

आणि काही न बोलता मे महिन्यात उभं राहणंही नको. साक्षगंध म्हणजे कायद्यानं लग्न नाही, ते मोडायला कोर्ट लागत नाही. लग्नानंतर मात्र संमतीच्या घटस्फोटालाही आधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं. शिवाय पत्नीला कॅनडात नेताना तुम्ही तिच्या खर्चाची तीन वर्षांची हमी लिहून देता. ती वेगळी झाली तरी हमी सुटत नाही. तिथल्या थंडीत, ओळखीचं माणूस नसताना, बाबांच्या काळजीनं ती आतून तुटली तर तुम्हा दोघांनाही ते झेपणार नाही.

म्हणून पत्रिका छापायच्या आत तारीख पुढे ढकला, आणि ती तुमच्या नावावर ढकला. "मला सुट्टी मिळाली नाही" असं खोटं सांगू नका, उद्या उघडं पडतं. "मला आणखी वेळ हवा" एवढंच सांगा, ते खरंही आहे. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि मृगाच्या पेरण्यांत कुणी लग्नाचा विषयही काढत नाही. एवढे महिने तिला कुणी फारसं टोकणार नाही. तुमच्या आईवडिलांना मात्र खरं सांगा. हॉलचा ॲडव्हान्स बुडेल, तो तुम्ही भरा. तिच्या घरी मागू नका.

मग तिला विचारा. तुम्ही की तो, हे आज विचारू नका. आम्ही दोघंही नसतो तर बाबांचं, वावराचं तू काय केलं असतंस, हे विचारा. तिची ओढ त्याच्याकडे आहे की त्यानं उचललेल्या भाराकडे, हे तिचं तिलाच तिथून कळायला लागेल. ओढ त्याच्याकडेच निघाली तर तुम्हाला तिला गमवावं लागेल, आणि तिला बापाशी भांडावं लागेल. तुमच्याकडे निघाली, तर तो रोज त्याच वावरात उभा असेल आणि बाबांना दुसरं माणूस शोधावं लागेल.

हे व्हॉट्सॲपवर लिहू नका, घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरतो. दुपारी तीनला बाबा झोपतात, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तुमच्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. त्या वेळी करा फोन.