कोरियन मालिकांत 'जॉंग' आणि 'हान' ऐकू येतं, पण सबटायटलमध्ये नुसतं 'प्रेम' नाहीतर 'दुःख' दिसतं. नेमका अर्थ काय?

अर्थाच्या व्याख्येमागे लागू नका. त्या शब्दाला कोणतं क्रियापद लागतं ते ऐका. कोरियन माणूस भावना बोलून दाखवतो ती क्रियापदातून, आणि सबटायटल करणारा सगळ्यात आधी नेमकं तेच खाऊन टाकतो.

जॉंगपासून सुरू करतो. प्रेमाला कोरियनमध्ये 'सारांग' म्हणतात आणि त्याचं सरळ क्रियापद होतं, 'सारांगहादा', म्हणजे प्रेम करणं. जॉंगचं असं होत नाही. 'जॉंग करतो' असं कुणी म्हणत नाही. जॉंग लागतो ('जॉंगी दुल्दा'), साचतो, चिकटतो, गळून पडतो ('जॉंगी तॉरॉजिदा'), सोलून काढावा लागतो ('जॉंगुल तेदा'). तो आपल्या इच्छेने येत नाही, सहवासाने येतो. त्याला वेळ लागतो आणि माणूस आवडायलाच हवा अशी अटही नसते. म्हणून 'कोउन जॉंग' म्हणजे गोडीतला आणि 'मिउन जॉंग' म्हणजे भांडणातून, चिडचिडीतून साचलेला, असे दोन प्रकार बोलण्यात सर्रास येतात. माणसाबद्दलच असतो असंही नाही, घराबद्दल, गल्लीबद्दल, कुत्र्याबद्दलही असतो.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. तीस वर्षं संसार केलेली बाई मैत्रिणीला सांगते, 'जॉंग तेमुने सान्दा', जॉंगमुळे राहतेय. सबटायटलमध्ये येतं, 'प्रेमापोटी राहते.' इथे अर्थ उलटा झाला. ती सांगतेय की प्रेम कधीच संपलं, पण इतक्या वर्षांत जे साचलं ते सुटत नाही. मराठीत मी लिहीन, 'प्रेम कसलं आता! जीव अडकलाय, म्हणून राहते.' तशीच गत 'जॉंगी तॉरॉजिदा'ची. त्याला 'किळस आली' असं लिहितात, तेव्हा समोरच्याबद्दल पूर्वी काही तरी होतं ही अर्धी बाजू हरवते. आपल्याकडे 'मनातून उतरला' हा नेमका प्रयोग तयार आहे. जो मनात कधी नव्हताच, तो उतरेल कुठून?

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'जॉंगुल तेदा'चं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, आयुष्यभर शांत असलेली, आणि शेवटच्या दिवसांत सुनेला टाकून बोलते, जेवणाचं ताट ढकलते. शेजारीण सुनेला म्हणते की त्या जॉंग सोलून काढताहेत. सबटायटलमध्ये येतं, 'त्या तुला दूर ढकलताहेत,' आणि प्रेक्षकाला म्हातारी खाष्ट वाटते. कोरियात यामागे जुनी समजूत आहे की जाणारा माणूस मागे राहणाऱ्यांना फार त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम वाईट वागतो आणि लागलेला जीव तोडून जातो. शेजारीण सुनेचं सांत्वन करत असते. 'जाताना तुझी माया तोडून जायचंय त्यांना,' एवढं लिहिलं की मराठी प्रेक्षकाला तळटीप लागत नाही.

'लळा लागला', 'जीव जडला', 'माया तुटली' या सगळ्यांत भावना माणसावर येते, माणूस ती करत नाही. कोरियन वाक्य आतून तसंच बांधलेलं असतं. इंग्रजीत ही सोय कमी आहे. त्यात इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत साधारण 42 अक्षरं आणि ओळी दोनच, मग भाषांतरकार बिचारा 'प्रेम' लिहून मोकळा होतो. आणि भारतीय भाषांतलं काम पुष्कळदा त्या इंग्रजीवरूनच होतं. म्हणून 'हे शब्द भाषांतरित होऊच शकत नाहीत, तसेच ठेवा' हा आग्रह मला मुळीच पटत नाही. याच मुद्द्यावर मी पुष्कळ भांडलो आहे आणि अजूनही भांडेन. 'जॉंग' तसाच ठेवून कंसात टीप देणं म्हणजे आपल्या भाषेत शोधायचा कंटाळा.

हानसाठीही क्रियापदच बघा. हान 'मेचिदा', म्हणजे मनात गाठ बसते, आणि 'फुल्दा', म्हणजे ती सोडवतात. चोल्ला प्रांतातल्या जिंदो बेटावर मृतासाठी 'सित्किमगुत' हा विधी करतात. त्यात लांब पांढऱ्या कापडाला गाठी मारलेल्या असतात आणि विधी करणारी बाई गात, नाचत त्या एकेक सोडवते. पुढे मृताच्या प्रतिमेला वनस्पतीच्या, सुगंधी आणि साध्या पाण्याने धुतात. ज्याची गाठ सुटली नाही तो पुढे जात नाही, ही त्यामागची धारणा.

मिर्यांगची आरांगची दंतकथा याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तिथल्या अधिकाऱ्याच्या मुलीवर जबरदस्ती करू पाहणाऱ्याने तिचा खून करून प्रेत लपवलं. नंतर येणारा प्रत्येक नवा अधिकारी पहिल्याच रात्री मेलेला सापडू लागला, कारण आरांग दाद मागायला यायची आणि तिला बघूनच तो गतप्राण व्हायचा. शेवटी एकाने न घाबरता तिचं म्हणणं ऐकून घेतलं, खुन्याला शिक्षा केली, आणि ती पुन्हा दिसली नाही. तिचं देऊळ आजही मिर्यांगला आहे. तिला कुणाला मारायचं नव्हतं, म्हणणं ऐकणारा हवा होता. याला 'दुःख' म्हटलं तर गोष्टच कळणार नाही. एखाद्या माणसाविरुद्ध धरलेला डूख वेगळा, त्याला 'वॉनहान' म्हणतात. हानला असा शत्रू असायलाच हवा असं नाही. शिकता आलं नाही, आईला शेवटचं भेटता आलं नाही, याचाही हान असतो.

मराठीत एकच शब्द धरून बसू नका. 'बाईने हान धरला तर पाचव्या-सहाव्या महिन्यातही दव गोठतं' अशी म्हण आहे (चांद्र महिने, म्हणजे ऐन उन्हाळा). तिथे 'तळतळाट' चपखल बसतो. न मिळालेल्या शिक्षणाबद्दल असेल तर 'सल'. आणि म्हातारा नातवाचं लग्न बघून म्हणतो, 'आता मेलो तरी यॉहान नाही', यॉहान म्हणजे उरलेला हान, तिथे 'आता डोळे मिटायला मोकळा' लिहावं. 'सुखाने मरेन' हे चूक, कारण तो सुखाबद्दल बोलतच नाहीये, काही बाकी राहिलं नाही हे सांगतोय.

राहिलेल्या दोन गोष्टी. 'हानगुक'मधला हान, म्हणजे कोरिया देशाच्या नावातला, तो वेगळा शब्द आहे, उच्चार तेवढा सारखा. आणि 'हान कोरियन रक्तातच असतो, हजारो वर्षांचा' असं कुणी ठासून सांगितलं तर सावध राहा. कोरियन कलेचं सौंदर्य दुःखाचं आहे, ही मांडणी कोरिया जपानची वसाहत असताना यानागी मुनेयोशी या जपानी समीक्षकाने ठळक केली, त्याचं कोरियन कलेवरचं पुस्तक 1922 चं. हान हीच कोरियाची ओळख या कल्पनेचं मूळ बरेच अभ्यासक तिथे शोधतात, आणि त्यावर वादही आहे. शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुना. आजच्या तरुण पात्रांच्या तोंडी जॉंग रोज येतो, हान क्वचितच. तो ऐकू आला तर बहुधा बोलणारी व्यक्ती वयस्कर असते, किंवा मालिका ऐतिहासिक किंवा भुताची असते.