प्रायोजकाने तोंडी कबूल केलेली रक्कम इतिवृत्तात कशी लिहावी?

"अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाची मी नवीन सचिव आहे. गणेशोत्सवासाठी एकाने ३,००० डॉलर देतो म्हटलंय, आलेत १,०००. बैठकीच्या इतिवृत्तात काय लिहू?"

दोन्ही आकडे लिहा, पण वेगवेगळे: "कबूल ३,०००, जमा १,०००, बाकी २,०००, पाठपुरावा खजिनदार, अमुक तारखेपर्यंत." अंदाजपत्रकात मात्र जमा रक्कमच धरा. समजा खर्च ९,००० आणि तिकिटांचे ६,००० येणार आहेत. कबुलीसकट हिशेब जुळलेला दिसतो, प्रत्यक्षात २,००० कमी आहेत. ती तूट कुठून भरायची, की जेवणाचा खर्च कमी करायचा, याचा ठराव सूचक, अनुमोदक आणि मतांसह त्याच बैठकीत नोंदवा. हॉलचे पैसे भरायच्या आदल्या आठवड्यात हे कळलं तर फार उशीर होतो.

बदल्यात काय द्यायचं ठरलं तेही नक्की लिहा. मंडळ करमुक्त असेल तर बॅनरवर नाव आणि लोगो लावून आभार मानणं साधारणपणे चालतं. पण समजा प्रायोजक घरं विकणारा आहे, तर "यांच्याकडूनच घर घ्या" अशी शिफारस किंवा दर जाहीर केले की ती जाहिरात ठरते आणि त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. प्रायोजकाला जेवणाची तिकिटं फुकट दिली असतील तर त्यांची किंमतही नोंदवा, कारण पावतीवर ती दाखवावी लागू शकते.